जुन्या मेलवरच उत्तर द्यावं की नव्या विषयाने नवा मेल लिहावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उदाहरणं बहुतेक गृहनिर्माण सोसायटीच्या पत्रव्यवहारातली आहेत. तिथे कंत्राटदार तेच, कमिटीतली माणसं तीच आणि कामं वर्षानुवर्षं चालणारी, त्यामुळे कुठलं बोलणं कुठल्या मेलखाली गेलं याचा गोंधळ सगळ्यात जास्त होतो. ऑफिसातल्या मेललाही हेच लागू पडतं. स्क्रीनवरची बटणं सांगितली आहेत ती Gmail ची आहेत.

नेमकं ठरवायचं कशावरून?

स्वतःला एक प्रश्न विचारा: या मेलमधून मला समोरच्याकडून जे हवंय, ते आधीच्या मेलमध्ये मागितलेलंच आहे का? तेच असेल आणि अजून मिळालेलं नसेल, तर त्याच थ्रेडवर, म्हणजे तो मेल आणि त्यावरची उत्तरं यांच्या साखळीतच, उत्तर द्या. मागणी नवी असेल तर नवा मेल, नवा विषय.

"विषय तर तोच आहे" हे पुरेसं कारण नाही. "गच्चीचं वॉटरप्रूफिंग" या एका नावाखाली दरपत्रक ठरवणं, कामाच्या तारखा, बिलं आणि गॅरंटी अशा चार वेगळ्या गोष्टी येतात. दरपत्रकाची घासाघीस आणि मंजुरी एकाच थ्रेडमध्ये राहिली पाहिजे, कारण शेवटचा दर कसा ठरला ते वरून खाली वाचताना कळतं. बिल मात्र वेगळं असावं. खजिनदार आणि ऑडिटर बिल शोधतात तेव्हा त्यांना कामाच्या तारखांवरची पन्नास उत्तरं चाळायची नसतात.

दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे: या मेलखाली जे जुनं बोलणं चिकटून जाणार आहे, ते आज ज्यांना पाठवतोय त्या सगळ्यांनी वाचलेलं चालेल का? उत्तर "नाही" असेल तर मागणी जुनीच असली तरी मेल नवा लिहा.

मेलचा प्रोग्रॅम थ्रेड कसा जुळवतो? नुसत्या विषयावरून का?

फक्त विषयावरून नाही. प्रत्येक मेलला पाठवतानाच एक वेगळी ओळख मिळते. तुम्ही Reply दाबता तेव्हा ज्या मेलवर उत्तर देताय त्याची ओळख तुमच्या मेलच्या न दिसणाऱ्या भागात लिहिली जाते. तो भाग साधारण असा असतो:

```
Message-ID: <c3@example.com>
In-Reply-To: <b2@example.com>
References: <a1@example.com> <b2@example.com>
```

तिसरी ओळ सगळ्यात कामाची. तिच्यात त्या थ्रेडमधल्या आधीच्या मेलच्या ओळखी क्रमाने असतात. Gmail मध्ये कुठलाही मेल उघडून उजवीकडच्या तीन टिंबांतून Show original निवडलं की हे सगळं दिसतं.

याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ असा की तुम्ही मजकूर पुसला, विषय बदलला, तरी Reply मधून लिहिलेला मेल आतून जुन्या मेलला बांधलेलाच राहतो. ही गाठ मानायची की नाही हे प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या पद्धतीने ठरवतो, आणि पुढच्या प्रश्नातला घोळ तिथूनच सुरू होतो.

जुन्या मेलवर Reply करून विषय तेवढा बदलला तर चालेल ना?

बरेच लोक असं करतात, कारण पत्ते आयते मिळतात. तरीही हा रस्ता टाळा.

Gmail मध्ये विषय बदलला की मेल वेगळ्या थ्रेडमध्ये जातो, त्यामुळे तुमच्या स्क्रीनवर सगळं व्यवस्थित दिसतं. पण समोरचा माणूस Thunderbird सारखा प्रोग्रॅम वापरत असेल तर तो मेल जुन्या थ्रेडच्या पोटातच दिसतो, कारण तिथे आतली गाठ मोजली जाते. तुम्ही "लिफ्टच्या देखभालीचं नवं कंत्राट" म्हणून मेल पाठवलेला असतो आणि तो मागच्या वर्षीच्या दिवाळीच्या रोषणाईखाली आत घुसलेला असतो. जुना थ्रेड मिटवून ठेवलेल्या माणसाला तो दिसतच नाही. तुम्ही आठवण करता तेव्हा तो मनापासून सांगतो की असा मेल आलेला नाही.

शिवाय खालचा जुना मजकूर राहतोच. Gmail तो तीन टिंबांमागे दडवतो, त्यामुळे पाठवणाऱ्याला त्याचा विसर पडतो.

पत्तेच हवे असतील तर असं करा. जुन्या मेलवर Reply all दाबा. To च्या रकान्यात जाऊन सगळे पत्ते निवडा आणि कॉपी करा. मग ते उत्तर टाकून द्या, Compose ने कोरा मेल उघडा आणि पत्ते चिकटवा. Cc मधली माणसं वेगळी कॉपी करावी लागतात. चिकटवल्यावर यादी एकदा वाचा, कारण जुन्या यादीत आता संबंध नसलेलं कुणीतरी हमखास असतं.

थ्रेड किती जुना झाला की नवा मेल लिहावा?

महिन्यांवर हे ठरत नाही. कन्व्हेयन्सच्या, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करण्याच्या, कागदपत्रांचा थ्रेड दीड वर्ष चालला आणि वकिलांकडून तोच एक दाखला अजून यायचा असेल, तर त्याच थ्रेडवर आठवण करा. तुम्ही कधी कधी मागितलं आणि काय उत्तर आलं याची साखळी त्या एका जागी आहे. ती तोडली तर प्रत्येक आठवण पहिल्यांदा मागितल्यासारखी दिसते.

उलट, आठवड्याभरापूर्वीचा थ्रेडसुद्धा "ठरलं, धन्यवाद" वर थांबला असेल तर तो संपला. त्यावर नवं काम लादू नका.

मोठ्या खंडानंतर जुन्या थ्रेडवर लिहायचंच असेल तर एक पथ्य पाळा. पहिल्या दोन ओळींत आतापर्यंत काय झालं ते लिहा: "आपण ४ मार्चला अर्जाची प्रत मागितली होती, ती ६ मार्चला पाठवली. त्यानंतरचा दाखला अजून मिळालेला नाही." समोरच्याला खाली जाऊन वाचायला लावलं की उत्तर लांबतं.

गॅरंटीची तक्रार जुन्या कामाच्या थ्रेडवरच करायला हवी ना? गॅरंटी तर तिथेच दिली आहे.

हा प्रश्न खरोखर अवघड आहे, कारण दोन्ही बाजूंना वजन आहे. एक उदाहरण पूर्ण बघू.

समजा, बी विंगच्या गच्चीचं काम मे २०२३ मध्ये झालं: विटांच्या तुकड्यांचा जुना थर, म्हणजे ब्रिकबॅट कोबा, काढला, नवा घातला, गच्चीत पाणी कोंडून पॉन्डिंग टेस्ट घेतली. कंत्राटदाराने ५ वर्षांच्या गॅरंटीचं पत्र मेलने पाठवलं. तो मेल "Re: बी विंग गच्ची, अंतिम बिल" या थ्रेडमध्ये, खालून तिसरा आहे. आता जून २०२५ मध्ये ७०३ च्या हॉलच्या छताला ओल आली आहे.

त्या थ्रेडवर नुसतं "सर, गळती परत सुरू झाली" असं लिहिलं तर काय होतं ते बघा. पहिलं म्हणजे कंत्राटदाराकडे तो मेल हिशेबाच्या माणसाला जातो, कारण बिलाच्या वेळी यादीत तोच होता. त्याला विषयात "अंतिम बिल" दिसतं, पैसे मिळालेले आहेत, म्हणून तो मेल बाजूला ठेवतो. साइट इंजिनीअर यादीत नसतोच. दुसरं, सोसायटीच्या बाजूने मागच्या कमिटीचे सचिव यादीत असतात आणि नवे नसतात. तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. थ्रेडच्या खालच्या भागात कुणीतरी कधीतरी इतर दोन कंत्राटदारांचे दर "फक्त कमिटीसाठी" म्हणून चिकटवलेले असतात. ते आता बाहेर जातात.

म्हणून तक्रारीचा मेल नवा असावा. पण गॅरंटीचं पत्र त्यासोबत गेलंच पाहिजे, आणि इथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा: Reply केलं की जुन्या मेलची जोडपत्रं सोबत जात नाहीत, Forward केलं की जातात. तेव्हा गॅरंटीचं पत्र ज्या मेलला जोडलेलं आहे नेमका तोच मेल उघडा, Forward दाबा, जोडपत्र आलंय ते पाहा, ते उतरवून स्वतःकडे ठेवा आणि कोऱ्या मेलला जोडा. जोडपत्रांची एकूण मर्यादा २५ एमबी आहे, म्हणून मोबाईलवर काढलेले फोटो आकार कमी करून घाला. व्हिडिओ ड्राइव्हवर ठेवून त्याची लिंक द्या आणि ती लिंक समोरच्याला उघडता येते का हे दुसऱ्या खात्यातून तपासा.

मेल असा:

विषय: बी विंग ७०३ छताला गळती: गॅरंटीतली दुरुस्ती, पाहणी १८ जूनपर्यंत

"नमस्कार. बी विंगच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग आपण मे २०२३ मध्ये पूर्ण केलं. ५ वर्षांच्या गॅरंटीचं आपलं ३१ मे २०२३ चं पत्र सोबत जोडलं आहे. १० जूनच्या पावसानंतर ७०३ च्या हॉलच्या छताला, पूर्वेच्या भिंतीलगत, साधारण तीन फूट लांब ओल आली आहे. फोटो जोडले आहेत. १८ जूनपर्यंत पाहणी करून गळतीचं कारण लेखी कळवावं. आधीचा पत्रव्यवहार 'बी विंग गच्ची, अंतिम बिल' या विषयाखाली आहे."

शेवटचं वाक्य छोटं असलं तरी गाळू नका. जुना आणि नवा थ्रेड यांच्यातला दुवा तेवढाच असतो.

आता पुढचा टप्पा. कंत्राटदार पाहणी करून लिहितो की पाणी पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, भेगेतून येतंय आणि पॅरापेट आमच्या कामात नव्हता. हा वाद याच थ्रेडमध्ये चालू द्या. मूळ कार्यादेशाची प्रत जोडा आणि पॅरापेट त्यात होता की नाही ते ओळ दाखवून सांगा. पण त्याने पॅरापेटच्या दुरुस्तीचं नवं दरपत्रक दिलं, तर ते वेगळ्या मेलवर घ्या. तिथे कमिटीची मंजुरी लागते आणि ती गॅरंटीच्या वादात मिसळली तर "सोसायटीने जबाबदारी मान्य केली" असा अर्थ काढायला वाव मिळतो.

पुढच्या पावसाळ्यात त्याच ७०३ ला त्याच भिंतीलगत ओल आली, तर मात्र नवा मेल नको. याच तक्रारीवर उत्तर द्या. दुरुस्ती टिकली नाही हे त्या थ्रेडमधल्या तारखाच सांगतील. ६०१ ला किंवा दुसऱ्या विंगला गळती लागली तर ती नवी तक्रार.

नव्या मेलमध्ये जुन्या थ्रेडची लिंक देता येते का?

ब्राउझरच्या वरच्या पट्टीतली Gmail ची लिंक कॉपी करून पाठवतात, पण ती फक्त तुमच्या खात्यात उघडते. इतरांना तिचा उपयोग नाही.

मेलची तारीख, पाठवणारा आणि विषय जसाच्या तसा लिहिला की शोधायला पुरतं. समोरचाही Gmail वापरत असेल आणि तो मेल त्यालाही आलेला असेल, तर Show original मधला Message-ID त्याला पाठवा. शोधाच्या चौकटीत असं लिहिलं की नेमका तोच मेल निघतो:

```
rfc822msgid:b2@example.com
```

मेल मुळात ज्याला आलेलाच नाही, त्याला तीन टिंबांतलं Forward as attachment वापरून तो जोडपत्र म्हणून पाठवा. फक्त त्या मेलच्या खाली आणखी काय काय आहे ते आधी वाचा.

चालू थ्रेडमध्ये कुणीतरी भलताच विषय काढला तर?

लिफ्टच्या थ्रेडवर कुणी पार्किंगचं विचारलं की त्याच जागी उत्तर देऊ नका. एकदा उत्तर दिलं की पुढची दहा उत्तरं पार्किंगवर येतात आणि लिफ्टचा निर्णय मागे पडतो.

आधी पार्किंगचा नवा मेल पाठवा. त्यात विचारणाऱ्याचा प्रश्न एका ओळीत उतरवा आणि ज्यांचा संबंध आहे तेवढ्यांनाच घ्या. मग जुन्या थ्रेडवर एक ओळ लिहा: "पार्किंगचा प्रश्न 'स्टिल्ट पार्किंग क्रमांक, जुलै २०२५' या मेलवर घेतला आहे. इथे फक्त लिफ्टबद्दल लिहूया." हा क्रम महत्त्वाचा आहे. नुसतं "वेगळा मेल करा" असं सांगितलं तर तो मेल कुणी करत नाही आणि माणूस दुखावतो ते वेगळंच.

नव्या माणसाला जुन्या थ्रेडमध्ये Cc करावं का?

त्याला मागचं सगळं वाचायची खरोखर गरज असेल आणि हक्कही असेल, तरच. कमिटी बदलते तेव्हा नव्या सचिवांना ही गरज असते, त्यांना घ्या आणि "पान क्रमांक" सांगावा तसं कुठून वाचायला सुरुवात करायची ती तारीख सांगा. नव्या पुरवठादाराला, एखाद्या सभासदाला किंवा बँकेच्या अधिकाऱ्याला जुन्या थ्रेडमध्ये ओढू नका. त्यांच्यासाठी मेल नवा लिहा आणि हवी तीच माहिती द्या.

जुन्या थ्रेडमध्ये तुम्ही Bcc मध्ये असाल तर Reply all तर अजिबात नको. तुम्ही यादीत होता हे त्या क्षणी सगळ्यांना कळतं.

तक्रार क्रमांक असलेल्या मेलचं काय?

वीज कंपनी, बँक, इंटरनेटवाले यांच्याकडून येणाऱ्या मेलच्या विषयात बहुधा तक्रार क्रमांक असतो. त्यांची यंत्रणा सहसा त्या क्रमांकावरून तुमचं उत्तर योग्य तक्रारीला जोडते. म्हणून विषयाला हात लावू नका, अगदी एखादा शब्द सुधारण्यासाठीसुद्धा नाही.

दुसरी अडचण निघाली तर याच मेलवर लिहू नका. बिलाच्या चुकीची तक्रार मिटल्यावर त्याच क्रमांकावर "आता मीटरही बंद पडलाय" असं लिहिलं, तर ते मिटलेल्या तक्रारीखाली जातं आणि नवा क्रमांक मिळत नाही. नवी तक्रार नव्याने नोंदवा आणि जुन्या क्रमांकाचा उल्लेख विषयात न करता मजकुरात करा. जुनीच अडचण परत आली असेल आणि तक्रार बंद झाली असेल, तर आधी त्याच मेलवर उत्तर द्या. तक्रार पुन्हा उघडल्याची पोच आली नाही तर नवी नोंदवा.

थ्रेड खूप लांबला आहे, पण विषय तोच चालू आहे. काय करावं?

Gmail शंभराहून जास्त मेल एका थ्रेडमध्ये ठेवत नाही, त्यापुढे तो आपोआप दुसरा थ्रेड सुरू करतो. विषय तोच राहतो, म्हणून शोधताना दोन सारखे थ्रेड समोर येतात आणि शेवटचा निर्णय भलत्याच जागी शोधला जातो. ती वेळ येण्याआधीच आपणहून नवा मेल सुरू करा: विषयाला "भाग २" जोडा, पहिल्या परिच्छेदात ठरलेल्या गोष्टी, राहिलेल्या गोष्टी आणि प्रत्येकीपुढे कुणी करायचं ते लिहा.

लांबलेल्या थ्रेडमध्ये आणखी एक धोका असतो. कंटाळलेली माणसं तो Mute करतात. मग त्यातलं पुढचं उत्तर इनबॉक्समध्ये येत नाही आणि पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. तीन-चार नेहमी उत्तर देणारी माणसं अचानक गप्प झाली तर हे कारण असू शकतं. महत्त्वाचा निर्णय अशा थ्रेडवर मागू नका. तुम्ही स्वतः काय काय Mute केलंय ते `is:muted` शोधून बघता येतं.

दर महिन्याला तोच मेल जातो. मागच्यावर Reply करून पाठवला तर?

नको. देखभाल बिल, सभेची सूचना, पाणी कपात यांना दर वेळी कोरा मेल आणि विषयात महिना किंवा तारीख. काही प्रोग्रॅम नुसता विषय सारखा असला तरी मेल एकत्र लावतात, म्हणून "देखभाल बिल" एवढंच न लिहिता "देखभाल बिल, जुलै २०२५" लिहा. वार्षिक सभेच्या सूचनेला तर हे पाळाच. तिला १४ पूर्ण दिवसांची मुदत द्यावी लागते, आणि ती कधी दिली हे दाखवताना मेल स्वतंत्र असेल तर तारखेवर वाद होत नाही.

नव्या विषयात काय लिहावं?

जागा किंवा वस्तू, काय झालं आणि काय हवं, या क्रमाने. मोबाईलवर विषयाचे पहिले चार-पाच शब्दच दिसतात, म्हणून "सोसायटीच्या कामाबाबत विनंती" यात ते वाया जातात. "तातडीचं" हा शब्दही काही सांगत नाही, त्यापेक्षा तारीख लिहा. वर्षभराने शोधणारा माणूस फ्लॅट नंबर, विंग किंवा बिल क्रमांक टाकून शोधेल, तो विषयात असू द्या.

चुकून जुन्या थ्रेडवरच मेल गेला तर?

Gmail मध्ये पाठवल्यावर खाली Undo दिसतं. सेटिंग्जमध्ये Undo Send ची मुदत ५, १०, २० किंवा ३० सेकंद ठेवता येते. ती ३० करून ठेवा. वेळ निघून गेली असेल आणि आत खाजगी काही गेलं नसेल, तर तोच मजकूर योग्य विषयाने नव्या मेलवर पाठवा आणि जुन्या थ्रेडवर कळवा की उत्तर नव्या मेलवर द्यावं. दोन्हीकडे उत्तरं येऊ लागली तर जुन्या थ्रेडवरचं उत्तर नव्यात उतरवून घ्या, कुणी आणि कधी लिहिलं ते नमूद करून.